पहिलं अपील एका ओळीत फेटाळलं? दुसरं अपील असं लिहा

नांदेड आणि लातूर जिल्ह्यातली बरीच मंडळी माहिती अधिकाराचा अर्ज करतात, पहिलं अपीलही करतात आणि तिथेच थांबतात. थांबण्याचं कारण बहुतेक वेळा एकच. प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडून एक कागद येतो आणि त्यावर एवढंच लिहिलेलं असतं : "जन माहिती अधिकारी यांनी दिलेले उत्तर योग्य आहे. सबब अपील निकाली काढण्यात येत आहे." का योग्य आहे, कोणत्या कलमाने योग्य आहे, अपिलात मांडलेल्या मुद्द्यांचं काय झालं, याचा एक शब्दही नसतो. साहेबांची सही आणि गोल शिक्का बघून माणसाला वाटतं, आता संपलं.

ते संपलेलं नसतं. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम १९(३) प्रमाणे राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं. पण ते कसं लिहिलं यावर पुष्कळ अवलंबून असतं. नुसती "कारण दिलं नाही" एवढीच तक्रार केली, तर जिंकूनही हातात काही न येण्याची शक्यता असते. ते कसं, हेच या लेखात एक उदाहरण घेऊन पाहू.

उदाहरण : घरकुलाची यादी

समजा, लातूर जिल्ह्यातल्या एका गावातल्या कुटुंबाचं नाव प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणच्या यादीत होतं. नंतर ते अपात्र ठरलं. त्यांच्या मागे असलेल्यांची घरं उभी राहिली. घरातल्या मुलाने ३ मार्चला पंचायत समितीच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज केला. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला आणि तीन गोष्टी मागितल्या. एक, गावाची मंजूर लाभार्थ्यांची प्राधान्यक्रमानुसार यादी. दोन, त्या यादीवर झालेल्या ग्रामसभेच्या ठरावाची प्रत. तीन, आपल्या वडिलांना अपात्र ठरवलं त्या तपासणी अहवालाची प्रत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्याने "माझ्या वडिलांना अपात्र का केलं?" असं विचारलं नाही. माहिती अधिकारात कार्यालयाकडे असलेला कागद मिळतो. नवा खुलासा लिहून द्यायला अधिकारी बांधील नसतो. सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या निकालात हे स्पष्ट केलं आहे. म्हणून "का" ऐवजी, ज्या कागदावर ते "का" लिहिलं गेलं, तो कागद मागायचा. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवायचा, कारण महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून ती अट आहे.

२८ मार्चला उत्तर आलं : "मागितलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये नाकारण्यात येत आहे." मुलाने २० रुपयांचा स्टँप लावून जोडपत्र 'ब' मध्ये पहिलं अपील केलं. ते १० एप्रिलला कार्यालयात पोहोचलं. १२ मे रोजी सुनावणी झाली, त्याच दिवशी वर सांगितलेला एका ओळीचा आदेश निघाला, आणि तो २० मे रोजी पोस्टाने घरी आला.

शेवटची तारीख आधी काढा

दुसऱ्या अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे. आदेश हातात पडला तर तो मिळाल्याच्या तारखेपासून मोजायचं, आदेशावरच्या तारखेपासून नाही. आपल्या उदाहरणात आदेश २० मे रोजी मिळाला, म्हणजे शेवटचा दिवस १८ ऑगस्ट. आदेश आला तो लिफाफा फेकू नका. त्यावरचा पोस्टाचा शिक्का हाच तुमचा पुरावा.

आदेशच आला नाही तर मोजणी वेगळी. प्रथम अपिलीय अधिकाऱ्याने ३० दिवसांत निकाल द्यायचा असतो. कारण लेखी नोंदवून तो ही मुदत जास्तीत जास्त ४५ दिवसांपर्यंत नेऊ शकतो. तो गप्प राहिला, तर निकाल यायला हवा होता त्या दिवसापासून ९० दिवस धरायचे. १० एप्रिलला अपील पोहोचलं असेल तर ३० दिवस १० मेला भरतात आणि तिथून ९० दिवस ८ ऑगस्टला. वाद नको असेल तर ४५ दिवसांच्या हिशोबावर विसंबू नका, आधीची तारीख धरा. मुदत चुकलीच तर आयोग सबळ कारण पाहून उशीर माफ करू शकतो, पण त्यासाठी दवाखान्याचे कागद किंवा तसाच काही पुरावा जोडावा लागतो.

कारण न देणं हा स्वतंत्र दोष आहे

पहिलं अपील चालवणं हे अर्धन्यायिक काम आहे. म्हणजे साहेबांनी दोन्ही बाजू ऐकायच्या, कायदा बघायचा आणि आपण अमुक निष्कर्षाला का आलो ते लिहायचं. केंद्राच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागाने ९ जुलै २००७ च्या परिपत्रकात प्रथम अपिलीय अधिकाऱ्यांना हेच सांगितलं आहे की आदेश सकारण असला पाहिजे. ते परिपत्रक केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, पण त्यातलं तत्त्व सर्वत्र लागू पडतं. सर्वोच्च न्यायालयाने क्रांती असोसिएट्स विरुद्ध मसूद अहमद खान या खटल्यात ८ सप्टेंबर २०१० रोजी हेच जास्त ठामपणे सांगितलं : ज्या निर्णयाचा एखाद्यावर विपरीत परिणाम होतो, त्याची कारणं नोंदवलीच पाहिजेत, आणि शिक्का मारावा तशी ठोकळेबाज कारणं म्हणजे कारणं नव्हेत.

खुद्द माहिती अधिकार कायद्यातही दोन तरतुदी आहेत. कलम ७(८) प्रमाणे जन माहिती अधिकाऱ्याने अर्ज नाकारताना कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील कळवायचा असतो. कलम ४(१)(घ) प्रमाणे प्रशासकीय किंवा अर्धन्यायिक निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला द्यायची असतात.

आता नुसतं कलम लिहिलं म्हणजे कारण झालं का? नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या प्रकरणात ३ डिसेंबर २००७ रोजी हा फरक दाखवला. तिथे "चौकशी चालू आहे" म्हणून माहिती नाकारली होती. न्यायालय म्हणालं की चौकशी चालू असणं पुरेसं नाही. माहिती दिल्याने चौकशीला अडथळा कसा येईल ते दाखवलं पाहिजे. तो निकाल कलम ८(१)(ज) वरचा आहे, पण कसोटी कुठेही वापरता येते. आदेशात कलमाचा नंबर आहे. आता बघा, तो नंबर तुमच्या कागदाला का लागू पडतो हे सांगणारं एक तरी वाक्य आहे का. नसेल तर आदेश सकारण नाही.

इथे बरेचजण अडकतात : प्रकरण परत खाली जातं

अपिलात तुम्ही फक्त एवढंच लिहिलं की "आदेशात कारण नाही, म्हणून रद्द करा", तर आयोग तुमचं म्हणणं मान्य करून सांगू शकतो : आदेश रद्द, प्रकरण पुन्हा प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, त्यांनी सकारण आदेश द्यावा. म्हणजे तुम्ही जिंकलात. पण माहिती मिळाली नाही, आणि तोच साहेब आता तोच नकार दोन पानांत लिहून देईल. मग पुन्हा दुसरं अपील. महाराष्ट्राच्या आयोगात २०२४ च्या मध्याला एक लाखाहून जास्त अपिलं आणि तक्रारी प्रलंबित होत्या. सुनावणीलाच दीर्घ काळ लागतो, तिथे असा एक फेरा म्हणजे घरकुलाची ती यादी जुनी होऊन जाते.

म्हणून अपिलाचे दोन पाय करा. पहिला पाय : आदेश सकारण नाही. दुसरा पाय : कारण दिलं असतं तरी माहिती नाकारता आली नसती. आणि शेवटी स्पष्ट विनंती : प्रकरण परत न पाठवता आयोगाने स्वतः निर्णय द्यावा. यासाठी आधार कलम १९(५). अपिलात माहिती नाकारणं योग्य होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी नाकारणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्यावर असते. ती त्याने दोनदा पार पाडली नाही, तर तिसरी संधी का द्यावी, हा तुमचा प्रश्न.

दुसरा पाय कसा भक्कम करायचा

आपल्या उदाहरणात नकार "वैयक्तिक माहिती" म्हणून आहे. हे कलम अधिकाऱ्यांचं आवडतं. त्यासोबत गिरीश देशपांडे प्रकरणाचं नाव जोडलेलं असतं. ३ ऑक्टोबर २०१२ चा तो सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एका सरकारी नोकराचे मेमो, कारणे दाखवा नोटिसा, मालमत्ता आणि आयकर विवरणपत्रं याबद्दल आहे. सरकारी पैशातून घर मिळालेल्या लाभार्थ्यांच्या यादीबद्दल नाही. हा फरक अपिलात लिहाच.

एक मोठा बदल मात्र ठाऊक असू द्या. पूर्वी कलम ८(१)(ञ) मध्ये सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर अवाजवी आक्रमण करणारी माहिती, असे शब्द होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ते काढले आणि नोव्हेंबर २०२५ पासून तिथे सरसकट वैयक्तिक माहिती एवढंच उरलं आहे. त्यामुळे जुन्या पुस्तकातला मसुदा उतरवून आता चालणार नाही. आज तीन गोष्टींवर उभं राहावं लागतं.

पहिली, कलम ४(१)(ख)(बारा). अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे कार्यालयाने कुणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायचं असतं. घरकुल लाभार्थ्यांच्या याद्या योजनेच्या संकेतस्थळावरही दिसतात. जे जाहीर करणं कर्तव्य आहे, ते अर्ज आल्यावर गुप्त होत नाही. दुसरी, कलम ८(२). सूट लागू असली तरी जाहीर करण्यातलं सार्वजनिक हित जास्त असेल तर माहिती देता येते, आणि हे कलम अजून जसंच्या तसं आहे. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये राष्ट्रीय पातळीवर शक्यतो १५ टक्के निधी अल्पसंख्याकांसाठी राखण्याचं म्हटलं आहे; प्राधान्यक्रम पाळला की नाही हे तपासण्यात सार्वजनिक हित आहे, ते दोन वाक्यांत सांगा. तिसरी, कलम १०. आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल नंबर झाकून उरलेला कागद देता येतो. तुम्ही स्वतःच लिहा की हे तपशील झाकले तरी चालतील.

आणि वडिलांचा तपासणी अहवाल? तो त्यांचाच आहे. माणसाची स्वतःची माहिती त्याच्यापासून "वैयक्तिक" म्हणून लपवता येत नाही. फक्त इथे अर्ज मुलाच्या नावाने असेल तर अडचण येते. म्हणून अशी मागणी ज्याच्याबद्दल आहे त्याच्या सहीनेच अर्ज करावा. दुसऱ्या अपिलात अर्जदार बदलता येत नाही. वडिलांची लेखी संमती जोडली तर मदत होते, पण वडिलांच्या नावाने तेवढ्यापुरता नवा अर्जही लगेच टाकून ठेवावा. मूळ अर्जात नसलेला चौथा कागदही दुसऱ्या अपिलात मागता येत नाही.

अपिलाचा मजकूर

महाराष्ट्रात दुसरं अपील जोडपत्र 'क' मध्ये करतात आणि २० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. त्यात अर्जदार, दोन्ही अधिकारी, आदेश मिळाल्याची तारीख, अपिलाची शेवटची तारीख आणि माहितीचा तपशील भरायचा असतो. अपिलाची कारणं असं म्हणतात तिथे जागा कमी पडते. "सोबत जोडले आहे" लिहून वेगळं पान लावा. आपल्या उदाहरणासाठी ते पान असं होईल :

"१. प्रथम अपिलीय अधिकारी यांच्या दि. १२ मे च्या आदेशात माझ्या अपिलातील एकाही मुद्द्याचा विचार नाही व निष्कर्षाचे कारण नाही. हा आदेश सकारण नाही.

२. जन माहिती अधिकारी यांनी कलम ८(१)(ञ) चा केवळ उल्लेख केला आहे. तीनपैकी कोणत्या कागदाला ते का लागू होते, हे सांगितलेले नाही. ग्रामसभेचा ठराव वैयक्तिक माहिती कशी, याचे उत्तर नाही.

३. लाभार्थ्यांची यादी कलम ४(१)(ख)(बारा) अन्वये स्वतःहून प्रसिद्ध करावयाची माहिती आहे. आधार, खाते व मोबाइल क्रमांक कलम १० अन्वये झाकून प्रत देण्यास माझी हरकत नाही.

४. कलम १९(५) अन्वये नकाराचे समर्थन करण्याची जबाबदारी जन माहिती अधिकारी यांची आहे. ती पार पाडलेली नाही.

विनंती : (क) प्रकरण परत न पाठवता आयोगाने गुणवत्तेवर निर्णय देऊन ठराविक दिवसांत विनामूल्य माहिती देण्याचा आदेश द्यावा. (ख) कलम २० अन्वये जन माहिती अधिकारी यांना खुलासा विचारावा. (ग) कलम १९(८)(ख) अन्वये झालेल्या नुकसानीची भरपाई द्यावी."

बस, एवढंच पुरे. साहेबांबद्दलचा राग, गावचं राजकारण, जुनी भांडणं यात आणू नका. (ग) तेव्हाच लिहा जेव्हा प्रत्यक्ष नुकसान कागदाने दाखवता येतं, जसं बुडालेला रोज किंवा प्रवासाची तिकिटं.

सोबत मूळ अर्ज, त्याची पोच, आलेलं उत्तर, पहिलं अपील, त्याची पोच, आदेश आणि लिफाफा यांच्या प्रती क्रमाने लावा, पानांना नंबर द्या. एक एक प्रत दोन्ही अधिकाऱ्यांना पाठवा आणि त्याची पावती आयोगाच्या प्रतीला जोडा.

पाठवायचं कुठे

नांदेड आणि लातूर जिल्ह्यातल्या राज्य सरकारच्या, जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या प्रकरणात अपील राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे करतात. पाठवण्याआधी प्रथम अपिलाच्या आदेशाच्या शेवटी दिलेला पत्ता ताडून बघा. पण नांदेडचं रेल्वे विभागीय कार्यालय, राष्ट्रीयीकृत बँक किंवा पोस्ट यांचं प्रकरण असेल तर ते दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जातं आणि तिथे फी नाही. चुकीच्या आयोगाकडे गेलेल्या कागदात ९० दिवस सहज निघून जातात.

आणखी एक चूक होते. काहीजण कलम १९ च्या अपिलाऐवजी कलम १८ ची तक्रार करतात. सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरच्या प्रकरणात १२ डिसेंबर २०११ रोजी सांगितलं की कलम १८ खाली आयोग दंड करू शकतो, पण माहिती द्या असा आदेश देऊ शकत नाही. कागद हवा असेल तर कलम १९(३) चं अपीलच करा.

सुनावणीत आणि नंतर

नोटीस आली की आयोगापुढे बोलायला फार वेळ मिळत नाही. दोन प्रश्न तयार ठेवा : "नकाराचं कारण आदेशात कुठे आहे ते दाखवा" आणि "तीनपैकी कोणता कागद तुम्ही आजही द्यायला तयार नाही, आणि का?" बऱ्याचदा दुसऱ्या प्रश्नावर अधिकारी म्हणतो, ठराव देतो, यादी देतो. ते तिथल्या तिथे नोंदवून घ्या. अधिकाऱ्याने सुनावणीआधीच काही कागद दिले असतील, तर काय मिळालं आणि काय राहिलं याचं एक पान आयोगाला द्या. नाहीतर "माहिती दिली" एवढ्यावर अपील बंद होतं.

कलम २० चा दंड दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये. तो जन माहिती अधिकाऱ्याला होतो आणि सरकारजमा होतो, तुम्हाला मिळत नाही. एका ओळीचा आदेश देणाऱ्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याला मात्र या कलमाने दंड होत नाही. म्हणून त्याला शिक्षा मागण्यात पान घालवू नका. त्याचा आदेश रद्द करून घ्या.

आयोग फक्त कागद देववतो. घर देत नाही आणि अपात्रतेचा निर्णयही फिरवत नाही. त्यासाठी मिळालेला अहवाल आणि ठराव घेऊन गटविकास अधिकारी किंवा जिल्हा परिषदेकडे वेगळा अर्ज करावा लागतो. आयोगाचा निर्णयच कायद्याला सोडून असेल तर दिवाणी कोर्टात जाता येत नाही, कलम २३ ने ती वाट बंद आहे. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका करावी लागते. तिथे न्यायालय तुम्ही आयोगापुढे काय मांडलं होतं तेच आधी बघतं. म्हणून ते कारणांचं पान लिहितानाच नीट लिहा आणि त्याची एक प्रत घरी फाइलला लावून ठेवा.